पासबुकात फक्त ४,३०० रुपये आहेत, मग गटाला कर्ज किती मिळणार?

रानजाई

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहितेय. आमचा बारा जणींचा बचत गट आहे, उमेद अभियानातला. मी गटाची लेखनिक, म्हणजे वह्या लिहायचं काम माझ्याकडे. सासूबाई अध्यक्ष आहेत. दर मंगळवारी बैठक आणि प्रत्येकीची ५० रुपये बचत. आजवर तीस बैठका झाल्या. दोन महिन्यांपूर्वी फिरता निधी म्हणून ३०,००० रुपये खात्यात आले, ते गरजेप्रमाणे आतल्या आत कर्जाने वाटले.

आता बँकेचं कर्ज मागायला गेलो तर साहेबांनी तीन कारणं सांगून परत पाठवलं. एक, खातं उघडून चारच महिने झालेत, सहा महिने झाल्यावर या. दोन, खात्यात ४,३०० रुपये शिल्लक आहेत, त्याच्या चौपट धरले तर १७,२०० होतात, तेवढ्यासाठी कशाला फाईल करता, आधी पैसे साठवा. वर असंही म्हणाले की ५० हजारांची मुदत ठेव ठेवलीत तर बघू. तीन, आमच्या एका सभासदाच्या नवऱ्याचं ट्रॅक्टरचं कर्ज त्याच शाखेत थकलंय.

बायका हिरमुसल्यात. चौघी-पाच जणींना शेळ्या घ्यायच्या आहेत, एकीला पिठाची गिरणी. साहेब म्हणतात ते नियमाने बरोबर आहे का? खात्याला चार महिने झालेत हे खरंच आहे, कारण सुरुवातीला खातं उघडायलाच आम्हाला तीन महिने लागले.

---

पेरणी

साहेबांचं बरोबर आहे ताई. बचतीच्या चौपट हाच नियम आहे. आमच्या आईच्या गटाला तसंच मिळालं होतं, १० हजार बचतीवर ४० हजार. आधी गट धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्टर करून घ्या आणि गटाच्या नावाचं पॅनकार्ड काढा, त्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. आणि सगळ्यांना सांगा की दोन महिने अंतर्गत कर्ज बंद करा. सगळा पैसा खात्यात पडून राहू द्या, शिल्लक दिसली की बँक आपोआप देते.

---

खतावणी

रानजाई, मी ग्रामीण शाखांमध्ये बरीच वर्षं काढून निवृत्त झालो. गटांच्या फायली हा माझ्या आवडीचा भाग होता, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पेरणी म्हणतात ते अगदीच चूक नाही, पण ते जुनं आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून बचतीच्या एक पट ते चार पट हे माप रूढ झालं. तुमचा गट उमेदमधला, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला. त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेचं वेगळं मुख्य परिपत्रक आहे. त्यात पहिल्या कर्जाचं माप असं आहे: गटाच्या एकूण निधीच्या सहा पट किंवा किमान दीड लाख, यांतलं जे जास्त असेल ते. दुसऱ्या वेळी आठ पट किंवा किमान तीन लाख.

आता सगळी मेख 'एकूण निधी' या शब्दांत आहे. साहेबांनी पासबुकातली शिल्लक म्हणजे निधी असं धरलं. तसं नसतं. सभासदांची बचत, अंतर्गत कर्जावर मिळालेलं व्याज, दंड, मिळालेला फिरता निधी, असं सगळं मिळून निधी होतो. त्यातला किती पैसा बँकेत पडून आहे आणि किती बायकांच्या हातात कर्जाने फिरतोय याने निधी कमी-जास्त होत नाही. उलट सगळी रक्कम खात्यात पडून असेल तर मी तरी त्या गटाला कमी गुण दिले असते. गटाने पाळायचे पाच नियम म्हणजे पंचसूत्र, त्यातलंच अंतर्गत व्यवहार हे एक सूत्र आहे. म्हणून अंतर्गत कर्ज बंद करायचा सल्ला कृपया ऐकू नका. त्याने गट नापास होईल.

नोंदणी सक्तीची नाही. गटाच्या पॅनचाही आग्रह धरू नये अशी सूचना आहे, फॉर्म ६० वर भागतं.

सहा महिन्यांचं म्हणाल तर ते गटाच्या वह्यांवरून मोजायचे असतात, खातं उघडल्याच्या तारखेपासून नव्हे. हे परिपत्रकात स्पष्ट आहे. पहिल्या बैठकीचं इतिवृत्त आणि रोखवहीचं पहिलं पान दाखवा.

मुदत ठेवीबद्दल: १० लाखांपर्यंतच्या गट-कर्जाला तारण नाही, मार्जिन नाही, बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही आणि ठेवीचा आग्रहही धरायचा नाही.

ट्रॅक्टरच्या गोष्टीवर नंतर लिहितो, ती जरा किचकट आहे. तोवर तुम्ही आकडे द्या: एकूण बचत, व्याज, दंड, खर्च, आज येणं असलेलं अंतर्गत कर्ज, बँक शिल्लक, हातातली रोख. बेरीज जुळते का ते इथेच बघू.

---

सदाशिव_पेठकर

आमच्या सोसायटीत दहा बायकांची भिशी आहे, महिन्याला २,००० रुपये. म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार. त्याच्या सहा पट म्हणजे १४ लाखांच्या वर जाईल! यांना पण मिळेल का? की हे फक्त गावाकडच्यांनाच?

---

चंद्रभागा

पेठकर, भिशीत दर महिन्याला सगळी रक्कम एकीच्या घरी जाते आणि वर्ष संपलं की भिशी संपते. मागे निधी उरतच नाही, तर सहा पट कशाची करणार? शहरातल्या गटांसाठी वेगळं अभियान आहे, नगरपालिकेत चौकशी करा. इथे रानजाईंचं चालू द्या.

रानजाई ताई, मी बँक सखी आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. काका म्हणतात ते सगळं बरोबर आहे, पण मॅनेजरसमोर परिपत्रक आपटू नका. सहा पट हे गटाचं माप आहे, पण बँक शेवटी बघते ती सूक्ष्म पतपुरवठा आराखड्याची बेरीज. कोणाला कशाला किती हवेत, ती परत कशातून फेडणार, हे बारा जणींचं लिहून ठेवलंय का? आराखडा दीड लाखाचा असेल तर माप तीन लाखांचं असून उपयोग नाही. आमच्याकडे कित्येक गट 'सगळ्यांना सारखे २५ हजार' असं लिहून आणतात आणि साहेब पहिल्याच पानावर ओळखतात की हा आराखडा बैठकीत झालेलाच नाही.

आणि खातं उघडायला तीन महिने का लागले ते सांगाल का? इतर गटांना उपयोग होईल.

---

रानजाई

काका, चंद्रभागाताई, मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपला पैसा आपल्याच घरात फिरतोय तो पण मोजतात तर."

खात्याचं असं झालं. पहिल्या वेळी सगळ्याच जणींचे आधार, पॅन, फोटो आणि सह्या मागितल्या. तिघींकडे पॅन नव्हतंच, त्यांचे काढण्यात महिना गेला. दुसऱ्या वेळी ठरावात आम्ही 'महिला बचत गट' लिहिलं होतं आणि शिक्क्यावर 'महिला स्वयंसहायता समूह' आलं, म्हणून फॉर्म परत. नवा शिक्का केला. तिसऱ्या वेळी ठरावात सह्या करणाऱ्यांची नावं होती, पण तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने पैसे निघतील हे वाक्य राहिलं होतं.

आता आकडे. बचत: ३० बैठका, १२ जणी, ५० रुपये, म्हणजे १८,०००. व्याज १,४२० (आम्ही महिन्याला शेकडा दोन घेतो). दंड १८०. फिरता निधी ३०,०००. एकूण ४९,६००. खर्च ७५०, वह्या आणि दोन शिक्के. येणं असलेलं अंतर्गत कर्ज ४३,०००. बँकेत ४,३००. पेटीत ३५०.

---

खतावणी

आलेल्यांची बेरीज ४९,६००. त्यातून ७५० खर्च गेला, राहिले ४८,८५०. आता पैसा आहे कुठे ते बघा: येणं ४३,०००, बँकेत ४,३००, पेटीत ३५०. बेरीज ४७,६५०. म्हणजे १,२०० रुपयांचा फरक पडतोय.

घाबरू नका. आणि ही रक्कम कोणीतरी पेटीत टाकून जुळवूही नका, बायका प्रेमापोटी ते करतात आणि मग चूक कायमची पुरली जाते. तुम्ही बचतीचा आकडा खतावणीतून घेतलाय की गुणाकार करून? कारण १८,००० हा आकडा फार गोल आहे.

---

रानजाई

काका, गुणाकारच केला होता. आत्ता एकेकीचं पान काढून बेरीज केली तर १६,८०० आली. दोघी जावा-जावा आमच्यात तेराव्या बैठकीपासून आल्या. आधी आम्ही दहाच होतो. त्यांच्या बारा बैठका आमच्यात धरायच्याच नाहीत. दोघींचे मिळून बरोबर १,२००!

---

खतावणी

छान. म्हणजे वह्या बरोबर आहेत. १६,८०० अधिक १,४२० अधिक १८० अधिक ३०,०००, वजा ७५०. निधी झाला ४७,६५०, आणि तेवढाच पैसा येणं, बँक आणि पेटीत मिळून आहे. दोन्ही बाजू जुळल्या की मॅनेजरला पुढे विचारायला काही राहत नाही.

याच्या सहा पट २,८५,९००. दीड लाखाच्या किमान मर्यादेपेक्षा हे जास्त, म्हणून हेच माप. फिरता निधी आला नसता तर निधी १७,६५० राहिला असता, त्याच्या सहा पट १,०५,९००, आणि मग दीड लाखाची किमान मर्यादा कामी आली असती. म्हणजे कोणत्याही हिशेबाने १७,२०० येत नाही.

आणखी एक योगायोग तुमच्या बाजूचा आहे. ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला या अभियानातल्या महिला गटांना ७ टक्के वार्षिक व्याज आहे. त्या वरच्या रकमेला दर वेगळा. तुमची मागणी ३ लाखांच्या आतच बसते.

खात्याबद्दल: खातं उघडताना सगळ्या सभासदांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची झाली की पुरते. बाकीच्यांची कर्जाच्या वेळी केली जाऊ शकते. म्हणजे तुमचा एक महिना फुकट गेला, पण ती कागदपत्रं आता कर्जाला कामी येतील. एक गोष्ट मात्र आजच तपासा. खातं बचत गट म्हणून उघडलंय की तिघींचं संयुक्त खातं म्हणून? पासबुकाच्या पहिल्या पानावर खातेदाराच्या जागी गटाचं नाव आहे का?

---

रानजाई

गटाचंच नाव आहे. खाली तिघींची नावं पेनने लिहिलीत.

---

चंद्रभागा

मग बरं आहे. आमच्या एका गटाचं खातं तिघींच्या नावाने वैयक्तिक उघडलं गेलं होतं. फिरता निधी तर परत गेलाच, पण पुढे कर्ज मिळाल्यावरही संगणकात ते अभियानाचं गट-कर्ज म्हणून चढेना, आणि व्याजाची सवलत दोन वर्षं अडकली. कर्ज मंजूर झालं की त्याच दिवशी विचारा, खातं अभियानाच्या कोडमध्ये टाकलं का. तालुका कक्षात यादी असते, तिथेही नाव दिसतं का बघा.

---

गावकुस

माझं जरा विषयांतर होईल. आमच्या वहिनींच्या गटाला दोन वर्षांपूर्वी दीड लाख मिळाले. अध्यक्षबाईंनी ६० हजार घेतले, सचिवांनी ४० हजार, उरलेल्या आठ जणींत ५० हजार. सचिवबाई पुढच्याच वर्षी वारल्या. नवीन सचिवाची सही बँकेत बदलायला ठराव, मृत्यूचा दाखला, नवीन केवायसी, शिवाय जुन्या दोघींपैकी एक बाई मुलाकडे मुंबईला. पाच महिने खात्यातून एक रुपया निघेना. सचिवांच्या घरच्यांनी हप्ते थांबवले आणि बँकेने नोटीस पाठवली ती सगळ्या गटाला. वहिनींनी कर्ज घेतलं होतं पाच हजार आणि आता त्यांच्या नावाला सिबिलमध्ये थकबाकी दिसतेय. म्हणून म्हणतो, कर्जाच्या मागे लागण्याआधी दहा वेळा विचार करा. तो आंतर-करारनामा म्हणून कागद असतो त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतात, तो कोणी वाचत नाही.

---

पेरणी

हो, त्या करारात सगळ्या जणी मिळून आणि प्रत्येक जण वेगळी अशी दोन्ही प्रकारे जबाबदार असतात. एकीने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. मी आधी चौपट म्हणालो ते नाबार्डच्या जुन्या पुस्तिकेवरून होतं, सहा पटीचं नवीन कळलं. पण काका, तुमचे मॅनेजर लोक हे परिपत्रक वाचतात का हो? आमच्या तालुक्यात तरी कोणी सहा पट दिलेलं ऐकलं नाही.

---

खतावणी

वाचतात. पण मॅनेजर दर तीन वर्षांनी बदलतो आणि शाखेत एखादा जुना गट थकलेला असला की तो पुढच्या दहा गटांकडे त्याच नजरेने बघतो. मीही बघायचो. त्याची भीती पैशाची कमी आणि वह्या खोट्या असण्याची जास्त असते.

तपासणीला आलेला माणूस काय बघतो ते सांगतो. इतिवृत्ताची पानं उलटायची. तीसच्या तीस बैठका एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच वळणात लिहिलेल्या असल्या तर समजायचं की वही काल रात्री बसून लिहिली. शंभर टक्के हजेरी दिसली तरी शंका येते, कारण सुगीच्या दिवसांत बारापैकी बारा जणी मंगळवारी येतच नाहीत. खरी वही मळकी असते. एखाद्या बैठकीला सात जणी असतात, कोणीतरी उशिरा आल्याचा पाच रुपये दंड असतो, एखादी खाडाखोड असते आणि तिच्याशेजारी सही असते.

मग अध्यक्षांना गप्प बसायला सांगून मी कोपऱ्यातल्या सभासदाला विचारायचो: तुमची बचत किती झाली? गटातून आत्ता कोणाकोणाकडे पैसे आहेत? अक्षर ओळख नसलेली बाईसुद्धा शेजारणीचं कर्ज रुपयात सांगते. तिला ते येत नसेल तर गट दोघी-तिघींचा आहे, बाकीच्या नावाला.

गावकुस यांनी सांगितलेला गट अशा तपासणीत सापडला असता. ६० हजार एकीला हे आराखड्यातच दिसतं. त्यांच्या वहिनींचं वाईट वाटतं, पण पाच हजारांच्या कर्जदाराच्या नावाला गटाची थकबाकी कशी चढली ते बँकेला लेखी विचारायला हवं.

---

रानजाई

काका, आमच्या वहीत खाडाखोड भरपूर आहे, मला लाज वाटत होती! पोळ्याच्या मंगळवारी तर पाचच जणी होत्या, ती बैठक तहकूब लिहिलीय आणि बचत दुसऱ्या दिवशी घेतलीय. तसंच ठेवू ना?

---

खतावणी

तसंच ठेवा. नवीन वहीत स्वच्छ उतरवून काढायचा मोह आवरा.

---

चंद्रभागा

आता आराखड्याबद्दल. सगळ्या बारा जणींना कर्ज हवंच असं नाही ना? आमच्याकडे बैठकीत आधी प्रत्येकीचं घरचं येणं-जाणं मांडतो. महिन्याला दूध किती, मजुरी किती, मायक्रोफायनान्सचा हप्ता किती जातो. तो शेवटचा आकडा लपवतात, म्हणून त्याच्यावर जास्त वेळ बसा. दर आठवड्याला दुसरीकडे ९०० रुपये हप्ता जात असेल त्या बाईला शेळ्यांसाठी ४० हजार देणं म्हणजे ते पैसे हप्त्यातच जाणार.

मग गरजेची बेरीज. समजा तुमची बेरीज २ लाख १० हजार झाली, तर २ लाख १० हजारच मागा, २,८५,९०० माप आहे म्हणून तेवढे मागू नका. आणि फेड किती येते तेही मांडा. पहिल्या कर्जाला दोन ते तीन वर्षांची मुदत असते. तीन वर्षं धरली तर मुद्दलच महिन्याला ५,८३३ येतं, वर व्याज. बारा जणींची महिन्याची बचत २,४०० आहे. म्हणजे आत्ता गटात येतो त्याच्या साधारण अडीच पट पैसा दर महिन्याला फक्त हप्त्यासाठी जमा व्हायला हवा. हे बायकांना मोठ्याने सांगा. दोघी-तिघी आपोआप मागणी कमी करतात.

---

खतावणी

मागणीबद्दल चंद्रभागाताईंशी सहमत. पण मी मुदत कर्जापेक्षा कॅश क्रेडिट मर्यादा घ्यायला सांगेन. गरज लागेल तसं उचलायचं, पैसा आला की भरायचा, व्याज वापरलेल्या रकमेवरच. मर्यादा पाच वर्षांसाठी मंजूर होते आणि उचल दरवर्षी निधीप्रमाणे वाढते, त्यामुळे दर वेळी नवीन फाईल लागत नाही. शेळीला पिल्लं होऊन विकेपर्यंत पैसा येत नाही, तिथे ठरावीक हप्त्यापेक्षा हे बरं.

---

चंद्रभागा

काका, कागदावर बरं. आमच्याकडे कॅश क्रेडिट घेतलेल्या गटांनी पहिल्याच दिवशी सगळी रक्कम उचलली आणि मग 'हप्ता किती' हे कोणालाच सांगता येईना. महिन्याचं व्याज खात्यात पडत गेलं, वर्षाने नूतनीकरण राहिलं आणि खातं अनियमित झालं. मुदत कर्जात निदान महिन्याचा आकडा भिंतीवर लिहिता येतो. ज्या गटात रानजाईंसारखी लिहिणारी आहे तिथे कॅश क्रेडिट चालेल, बाकीच्यांना मी मुदत कर्जच सांगते.

---

खतावणी

मान्य नाही, पण तुमचा अनुभव ताजा आहे. रानजाई, बैठकीत दोन्ही सांगा आणि ठरवा.

आता ट्रॅक्टर. नियम असा: गटातल्या काही जणींची किंवा त्यांच्या घरच्यांची बँकेकडे थकबाकी असली तरी एरवी ती गटाच्या कर्जाच्या आड येऊ नये, फक्त गट स्वतः थकीत नसावा. मात्र जी सभासद स्वतः बँकेची थकबाकीदार आहे तिला बँकेच्या कर्जातून पैसे देता येत नाहीत. गटाच्या स्वतःच्या बचतीतून देता येतात. तेव्हा त्या ताईंना एकच विचारा: ट्रॅक्टरच्या कागदावर त्यांची सही आहे का, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून?

---

रानजाई

विचारलं. सही आहे म्हणतात, पण कुठल्या रकान्यात ते त्यांना आठवत नाही. "बसा म्हणाले तिथं बसले, कर म्हणाले तिथं केली." नवरा कागद दाखवायला तयार नाही.

आणि खरी अडचण म्हणजे गिरणी त्यांनाच घ्यायची आहे. गटात दोन मतं झालीत. काही जणी म्हणतात त्यांना गटातून काढा म्हणजे फाईल स्वच्छ होईल. सासूबाई म्हणतात, पहिल्या बैठकीपासूनची बाई, एकही बचत चुकवलेली नाही, ती का म्हणून जाईल.

---

पेरणी

काढूच नका. फाईल दाखल करायच्या तोंडावर सभासद कमी केला की बँकेला अजून संशय येतो. बाराच्या अकरा झाल्या तरी दहाच्या वर आहात, ते ठीक, पण तिची बचत आणि व्याजाचा वाटा परत द्यावा लागेल, निधी कमी होईल.

---

खतावणी

यावेळी पेरणी यांच्याशी पूर्ण सहमत. त्यांचं नाव आराखड्यात ठेवा, बँकेच्या कर्जाच्या रकान्यात शून्य लिहा आणि बैठकीत ठराव करा की त्यांना गटाच्या निधीतून द्यायचं. सही जामीनदार म्हणून असेल तर बँक त्यांना थकबाकीदार धरेल की नाही हे शाखेवर अवलंबून राहील, तिथे मी खात्रीने सांगू शकत नाही. त्यांनी स्वतः शाखेत जाऊन कर्जाच्या कागदांची प्रत मागावी. सही केली असेल तर प्रत मागायचा त्यांना हक्क आहे.

---

गावकुस

गटाच्या निधीतून गिरणी? बँकेत ४,३०० आहेत ना फक्त. बाकी सगळे फिरतायत.

---

रानजाई

हो, तोच प्रश्न आहे. ४३,००० पैकी पुढच्या दोन महिन्यांत साधारण १४,००० परत येतील. गिरणी मोटरसकट त्याच्या दुप्पट तरी. काल बैठकीत असं ठरलं की ज्यांना बँकेचं कर्ज मिळेल त्यांनी आधी गटाचं जुनं कर्ज फेडायचं, म्हणजे तो पैसा गिरणीसाठी मोकळा होईल. चंद्रभागाताई, हे चालतं का?

---

चंद्रभागा

वहीत नीट लिहिलंत तर चालतं, पण मॅनेजरला आधी सांगा. नाहीतर त्याला दिसेल की बँकेचा पैसा आला आणि त्याच आठवड्यात थकबाकीदाराच्या घरी गिरणी बसली. तो सरळ अर्थ लावेल. आणि शेळ्यांसाठी घेतलेल्या कर्जातून जुनं कर्ज फेडलं तर शेळ्यांना पैसे उरले का, हे आराखड्यात वेगळं दाखवा. मी असते तर गिरणी पावसाळ्यानंतर ढकलली असती.

---

रानजाई

आज शाखेत जाऊन आलो. वह्या, निधीचा जुळवलेला कागद आणि पहिल्या बैठकीचं इतिवृत्त नेलं. सहा महिन्यांचा मुद्दा साहेबांनी सोडला, ठेवीचं पुन्हा काढलं नाही. निधीचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. दीड लाख देतो म्हणाले, आमच्या आराखड्यातल्या २ लाख १० हजारांचं तपासणीनंतर बघू. येत्या मंगळवारी बैठकीलाच येणार आहेत.

गिरणीच्या ताई कागदाची प्रत मागायला माझ्यासोबत आल्या होत्या. अर्ज घेतला, पोच दिली, प्रत अजून नाही.

---

खतावणी

दीड लाख लगेच घेऊन टाकू नका. एकदा पहिलं कर्ज तेवढ्याचं मंजूर झालं की दुसऱ्यासाठी ते फेडेपर्यंत थांबावं लागेल. कॅश क्रेडिट असेल तर गोष्ट वेगळी. तपासणी होऊ द्या, मगच अर्जावर रक्कम लिहा. रकान्यात रक्कम रिकामी ठेवून सह्या मात्र करू नका.

---

सदाशिव_पेठकर

नगरपालिकेत गेलो होतो. भिशी बंद करून गट करा म्हणाले. आमच्या बायका तयार नाहीत, त्यांना दिवाळीला एकरकमी पैसे हवेत. असो. गिरणीचं काय झालं ते कळवा.